स्वतःचेच जुने लेख नमुन्याला देऊन: आठ महिन्यांचा अनुभव

एका दैनिकाच्या पुरवणीत मी दर रविवारी बागेवर सदर लिहिते. टिपणं माझी, कच्चा खर्डा एआयचा, शेवटचा हात पुन्हा माझा, असं आठ महिने चाललंय.

सुरुवातीला शैलीचं वर्णन करून सांगायचे: घरगुती, खुसखुशीत, छोटी वाक्यं. आलं काय, तर 'कढीपत्त्याच्या निकोप वाढीसाठी ताक अत्यंत उपयुक्त ठरते, बरं का मंडळी!' माझ्या जुन्या लेखात तेच असं होतं: 'कढीपत्त्याला ताक घाला म्हणतात. घातलं. मुंग्या आल्या.' खुसखुशीत म्हणजे त्याच्या लेखी 'बरं का मंडळी'. विशेषणं देणं त्या दिवशी बंद केलं.

मग तीन जुने लेख आख्खे चिकटवले. सूर बराच जवळ आला, पण सुराबरोबर मजकूरही आला. शेजारच्या काकूंची गळकी झारी गुलाबाच्या लेखात उगवली, पुढच्या आठवड्यात जास्वंदीच्या. नुसते लेख दिले तर त्यातलं त्या दिवसापुरतं काय आणि माझं नेहमीचं काय, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

उपाय लागू पडला तो जोड्यांचा. एका बाजूला कोरडं टिपण, दुसऱ्या बाजूला त्याचा झालेला लेख. जुनी टिपणं कधीच रद्दीत गेली होती, म्हणून उलटीकडून गेले: प्रत्येक लेख देऊन त्यातली माहिती फक्त कोरड्या मुद्द्यांत काढून घेतली. काकूंची झारी आता टिपणातही दिसते, त्यामुळे ती टिपणातून आली हे उघड होतं.

```
<टिपण>कढीपत्ता, ताक घातलं, मुंग्या आल्या</टिपण>
<लेख>(मूळ लेख)</लेख>
... अशा चार जोड्या ...
<टिपण>(आजचे मुद्दे)</टिपण>
टिपणात नसलेली माणसं, वस्तू, प्रसंग आणू नकोस.
```

चारही जोड्या वेगवेगळ्या घाटणीच्या हव्यात. माझ्या पहिल्या चारांत तीन लेख 'घातलं. मुंग्या आल्या.' अशा तुटक वाक्यांवर संपत होते, तर खर्ड्यातला प्रत्येक परिच्छेद तसाच आपटायला लागला. स्वतःचीच नक्कल ऐकून कानकोंडं व्हायला होतं. दोन लेख बदलून लांब, रमतगमत जाणारे घातले, मग ते थांबलं.

एकाच संभाषणात दुरुस्त्या करत बसलं की दहाबारा फेऱ्यांनंतर 'महत्त्वाची भूमिका बजावते' अशी छापील भाषा हळूच परत येते. तेव्हा भांडत नाही. नवं संभाषण उघडून जोड्या पुन्हा चिकटवते. एआय मजकूर ज्या तुकड्यांत मोजतो ते टोकन देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त खातो, त्यामुळे फुकटच्या खात्यावर चार लांब लेखांनी मर्यादा लवकर गाठली जाते. मी प्रत्येकातले दोनच परिच्छेद देते, टिपणही तेवढ्यापुरतंच.

विनोद मात्र अजून जमत नाही. त्या जागी खर्ड्यात 'इथे मी' एवढंच लिहायला सांगून ठेवलंय. गेल्या रविवारी 'इथे मी' तसंच छापून आलं.