मायक्रोफायनान्सचं लोन की बचत गटाचं कर्ज: चाळीस हजार हवे असतील तर

तीस-चाळीस हजारांची गरज आहे, तारण ठेवायला काही नाही आणि बँकेत एकटीने गेलं तर कुणी दाद देत नाही. अशा वेळी आमच्या मोहोळ भागात बायकांपुढे दोन रस्ते असतात. एक मायक्रोफायनान्स कंपनीचं लोन, दुसरा बचत गटातून मिळणारं कर्ज. मी शिलाईकाम करते. पिको-फॉलच्या मशीनसाठी कंपनीचं लोन घेतलं होतं आणि पुढे कापडाचा माल भरायला गटाकडून घेतलं. दोन्ही पूर्ण फेडली आहेत. कुणाला निवड करायची असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

सावकाराला या तुलनेत धरत नाही. 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. गावात शेकडा पाच महिना सांगणारा माणूस म्हणजे वर्षाला 60 टक्के, आणि तो कायद्याच्या बाहेरचा. त्याच्या शेजारी ठेवलं की कुठलंही कर्ज स्वस्तच दिसतं. कंपनीची माणसं लोन समजावताना नेमकी हीच तुलना करतात, म्हणून ती आधीच बाजूला ठेवलेली बरी.

आता व्याज. समजा चाळीस हजार, दोन वर्षांसाठी, मासिक हप्ता. कंपनीचा दर घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावर, 25 टक्के धरला तर हप्ता साधारण 2,135 रुपये बसतो आणि एकूण 11,200 च्या आसपास व्याज जातं. हेच व्याज पूर्ण मुद्दलावर सरळ पसरवलं तर वर्षाला 14 टक्के दिसतं, त्यामुळे तोंडी कुणी ‘चौदा टक्के’ म्हणालं तर घटत्या शिलकीवरचा दर विचारा. शिवाय प्रोसेसिंग फी, तिच्यावरचा जीएसटी आणि विमा मिळून पंधराशेच्या आसपास रुपये आधीच कापले गेले, तर हातात साडेअडतीस हजार येतात आणि खरा वार्षिक खर्च 29 टक्क्यांपर्यंत जातो. हा सगळा खर्च धरून काढलेला आकडा माहितीपत्रकात, तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. सही करण्याआधी तोच एक आकडा शोधा.

गटाचं व्याज ऐकायला याहून फार कमी नाही, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. स्वतःच्या बचतीतून कर्ज देताना गट सहसा महिन्याला दोन टक्के लावतात, म्हणजे वर्षाला 24. चाळीस हजारांचं मुद्दल चोवीस समान भागांत आणि उरलेल्या रकमेवर व्याज असं फेडलं तर दोन वर्षांत बरोबर 10,000 रुपये व्याज होतं. कंपनीच्या आकड्यापासून फार लांब नाही. पण हे दहा हजार गटाच्या खात्यात राहतात. गटात दहा जणी असतील तर त्यातला दहावा वाटा तुमचा आणि बाकीचा शेजारणींचा. त्याच पैशातून पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी पोरीची फी भरली जाते. बँकेचं कर्ज पुढे वाटताना तर आमचा गट महिन्याला एकच टक्का लावतो. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाशी जोडलेल्या गटांना बँक 3 लाखांपर्यंत वर्षाला 7 टक्क्यांनी देते, म्हणून एक टक्का लावूनही गटाकडे थोडं उरतं आणि कर्ज घेणारीला चाळीस हजारांवर पाच हजारच व्याज पडतं.

मग कंपनी पंचवीस टक्के घेते ती लूटच का? मला तसं सरसकट म्हणता येत नाही. कंपनीलाही पैसा बँकांकडून व्याजानेच आणावा लागतो. एकीकडून लाखाचा हप्ता गोळा करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ पन्नास जणींकडून दोन-दोन हजार गोळा करायला लागतो. माणूस, मोटरसायकल, पेट्रोल, बुडणारी कर्जं हे सगळं त्या छोट्या रकमेवर पडतं. छोटं कर्ज महाग का पडतं, याचं खरं उत्तर यात आहे. पण खर्च किती आणि नफा किती, हे फेडणारीला कधीच दिसत नाही. 2010 साली आंध्र प्रदेशात वसुलीचा जाच आणि त्यातून आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि तिथली परतफेड जवळपास थांबली. त्यानंतर 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेने व्याजाला 26 टक्क्यांची मर्यादा घातली. 2022 च्या नियमांत अशी ठरलेली मर्यादा राहिली नाही. दर कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवायचा, फक्त तो अवाजवी नसावा, एवढंच बंधन आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवीन कर्ज देणं थांबवायला लावलं, त्याचं एक मोठं कारण त्यांनी लावलेले दर हेच होतं. म्हणजे देखरेख आहे, पण ती तुमच्या दारापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

तरीही माझा निर्णय व्याजावरून झाला नाही. तो झाला मीटिंगमुळे.

कंपनीची मीटिंग आमच्या गल्लीत एकीच्या ओसरीवर सकाळी भरायची. कंपनीचे वसुलीचे सर येऊन वही उघडायचे, प्रत्येकीने हप्ता ठेवायचा. सगळ्यांचे जमले तर अर्ध्या तासात काम संपायचं. एकीचा नाही आला तर मात्र कुणी उठायचं नाही. सरांनी कधी आवाज चढवला नाही, वाईट बोलले नाहीत. ते फक्त बसून राहायचे. म्हणायचे, “पूर्ण भरल्याशिवाय मला ऑफिसात जाता येत नाही, ताई. तुम्हीच बघा काय ते.” खुरपणीला निघालेल्या बायकांची मजुरी बुडायला लागायची, माझं गिऱ्हाईक दुकानासमोरून परत जायचं, आणि तासाभराने चार-पाच जणी आपणहून त्या बाईच्या घरी जायच्या. एकदा जिच्या घरी गेलो तिचा नवरा दवाखान्यात होता. दारात उभं राहून तिच्या सासूसमोर आमच्यातलीच एक म्हणाली, “तुझ्यामुळं आमचा दिवस गेला, मंगळसूत्र तरी ठेव कुठं.” ती बाई आणि बोलणारी बाई एकाच विहिरीवर पाणी भरायच्या. त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं ते आजतागायत.

रिझर्व्ह बँकेचे नियम वाचले तर या सगळ्याविरुद्ध बरंच लिहिलेलं सापडतं. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागीच करायची. कर्जदार त्या जागी लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही, तरच कर्मचाऱ्याने घरी किंवा कामाच्या जागी जायचं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, नावं जाहीर करणं, हे सगळं मना आहे. उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. नियम चांगले आहेत आणि आमच्या सरांनी यातला एकही उघड मोडला नव्हता. पण हे नियम कंपनीच्या माणसाला बांधतात. त्याच्याऐवजी शेजारीण दारात जाऊन उभी राहिली तर ते कशात बसतं? तारण नसलेल्या कर्जात चारचौघांतली लाजच तारण ठेवलेली असते, आणि ती वसूल करायचं काम आमच्याकडूनच करून घेतलं जात होतं. माझा हप्ता कधी चुकला नाही, तरी मला त्या दारात जावं लागलं. पुन्हा जायचं नाही, असं ठरवूनच मी पुढचं लोन घेतलं नाही.

गटातही हप्ते थकतात, बोलणी होतात. फरक एवढा की बैठक महिन्यातून एकदाच असते, आणि एखादीचा हप्ता राहिला तर काय करायचं हे आम्हीच ठरवतो. आखाडात आणि पितृपंधरवड्यात शिलाईचं काम नसतं, तेव्हा माझ्याकडून नुसतं व्याज घेऊन मुद्दल पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. लग्नसराईत मी दोन हप्ते एकदम भरले. कंपन्यांनीही हप्त्याची वेळ कर्जदाराच्या सोयीने ठेवावी असं 2022 च्या नियमांत आहे, पण आमच्याकडे तरी तारीख आणि वार आधीच छापलेला होता.

गटाची बाजू घेते म्हणून त्याचे दोष झाकत नाही. नवीन गटाला बँकेचं कर्ज मिळायला किमान सहा महिने नियमित बैठका आणि बचत दाखवावी लागते, आणि नंतर शाखेतून फाइल हलायला आणखी वेळ जातो. घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर हा रस्ता कामाचा नाही. कंपनीचं लोन कागदपत्रं बरोबर असतील तर आठवड्याभरात खात्यावर येऊ शकतं. काही गटांत अध्यक्ष आणि सचिव मिळून मोठा वाटा स्वतःच उचलतात आणि बाकीच्या नुसती बचत भरत बसतात. अशा गटापेक्षा कंपनी बरी, असं म्हणणाऱ्या बाईला मी चूक म्हणणार नाही.

कंपनीकडेच जायचं ठरवलं तर फॉर्मवर घरचं उत्पन्न किती लिहिलंय ते स्वतः वाचा. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा नियम आहे. घरात बारा हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून सहा हजार. फॉर्मवर बाराचे वीस झालेले दिसले तर ते तुमच्या सोयीसाठी झालेलं नाही, तिथेच थांबा. आधी दोन लोनं चालू असताना तिसरं देणारा माणूस हमखास तिथेच आकडा वाढवतो. जाच झाला तर आधी लोन कार्डावर दिलेल्या तक्रार क्रमांकावर तक्रार करा आणि नोंद क्रमांक घ्या. महिन्याभरात दाद मिळाली नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, ती मोफत असते.

आणि गटात शिरणार असाल तर बचतीची वही बघून समाधान मानू नका, कर्जाची वही मागा. गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या बायकांनी कर्ज घेतलं, तीच दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतात का, आणि थकलेल्या हप्त्यापुढे बैठकीचा ठराव लिहिलाय की जागा कोरी आहे, एवढं पाहा. आमच्या गटात वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचतात. वही घरी ठेवली आहे, पुढच्या वेळी दाखवते, असं उत्तर दोनदा मिळालं तर दुसरा गट शोधा.