बारा खोल्या, एक रजिस्टर, आठ महिने: आमच्या लॉजवरचा देखभालीचा अनुभव

मोहर्ली गेटजवळ आमचं बारा खोल्यांचं लॉज आहे. ऑक्टोबरात ताडोबाचा हंगाम सुरू झाला तेव्हा नागपूरच्या हॉटेलात नोकरी करणाऱ्या भाच्याने देखभालीच्या वेळापत्रकाची झेरॉक्स आणून दिली. एसी, नळ-फ्लश आणि गिझर, प्रत्येकाचं काय आणि किती दिवसांनी बघायचं ते त्यात होतं. सोबत एकशेवीस रुपयांचं लांब रजिस्टर, खोलीमागे दहा पानं. मंगळवारी कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागाची सफारी बंद असते, सोमवारी रात्री लॉज बहुतेक रिकामं. म्हणून दर मंगळवारी चार खोल्या बघायच्या, तीन आठवड्यांत सगळ्या होतात. याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एका रकान्याबद्दल, आणि त्याने मला साडेबाराशे रुपयांना बुडवलं.

तो रकाना गिझरचा. मूळ कागदावर नुसती टिक होती, 'गिझर ठीक'. पहिल्या महिन्यात आमच्या पोट्ट्याने सगळीकडे एकाच पेनाने, एकाच तिरक्या रेषेत टिका मारल्या. त्यात पाच नंबरचीही टिक होती. त्या मंगळवारी पाच नंबरचे पाहुणे मुक्कामी होते, दिवसभर झोपून होते आणि खोलीत कोणी गेलंच नव्हतं. विचारलं तर म्हणतो, "बाहेरून ठीकच दिसत होतं ना जी." भाचा म्हणाला, "मामा, टिक काढा, आकडा लिहायला लावा. पाणी तापून लाल दिवा विझायला किती मिनिटं लागली ते लिहा."

कल्पना मला फार आवडली. आमचे गिझर 15 लिटरचे, 2000 वॅटचे. जानेवारीच्या पहाटे टाकीतलं पाणी 15 अंशांचं धरलं आणि ते 60 अंशांपर्यंत न्यायचं असेल तर हिशेबाने साधारण 24 मिनिटं लागतात. आकडा वाढला की आत खार बसला, असं मी ठरवून टाकलं. आमच्या बोअरचं पाणी असं आहे की स्टीलच्या गंजात उकळलं तर तळाला चुना दिसतो.

जानेवारीत सात नंबरच्या पाहुण्याने पहाटे पावणेपाचला दार वाजवलं. पाणी कोमटच, आणि जिप्सी साडेपाचला. पोट्ट्याने दुसऱ्या पहाटे मोजलं, 38 मिनिटं. प्लंबर आला. "भाऊ, कॉइलवर खार बसला हाये, बदलाच लागते." उघडून दाखवलं तर खरंच, एलिमेंटवर बोटभर पांढरा थर, खडूसारखा. नवीन एलिमेंटचे नऊशे, मजुरी साडेतीनशे. मंगळवारी दुपारी मोजलं तर 22 मिनिटं. मी खूश.

शनिवारी पहाटे पुन्हा 38.

त्या दिवशी मी चार दिवसांचं नवंकोरं एलिमेंट परत उघडायला लावलं. आत स्वच्छ! मग तीन नंबरचा गिझर तपासला, ज्याला कोणी हात लावला नव्हता. तोही पहाटे 38, दुपारी 22. तेव्हा कुठे माझी नजर एसीच्या स्टॅबिलायझरवर गेली. दुपारी त्यावर 228 व्होल्ट दिसायचे आणि पहाटे 181. सफारीमुळे साडेचारला बारा खोल्यांत बारा गिझर एकदम चालू होतात, म्हणजे 24 किलोवॅट. व्होल्टेज पडतं आणि गिझरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. 181 ला 2000 वॅटचा गिझर साधारण सव्वाबाराशे वॅटचा होतो. म्हणजे आम्ही तीन महिने रजिस्टरात खार नव्हे, व्होल्टेज लिहीत होतो.

उपाय फुकटचा निघाला. गिझरचे एमसीबी व्हरांड्यातल्या बोर्डावर आहेत. चौकीदार आता सहा खोल्यांचे पावणेचारला चालू करतो, उरलेल्या सहांचे साडेचारला. आधीचे तोवर तापून स्वतःच बंद झालेले असतात. पहाटेचा आकडा 30 वर आला, स्टॅबिलायझर 205 दाखवतो आणि दार कोणी वाजवत नाही.

सात नंबरचं जुनं एलिमेंट मी फेकलं नाही. अर्धी बादली कोमट पाण्यात पाव किलो लिंबूसत टाकून रात्रभर बुडवलं, सकाळी थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघाला. (प्लंबर संडासाचं ॲसिड टाका म्हणत होता. त्याने खाराबरोबर धातूही खाल्ला जातो.) तेच एलिमेंट आज अकरा नंबरमध्ये चालू आहे.

मग मिनिटांचा रकाना बाद करावा का? फेब्रुवारीत मी हो म्हणालो असतो. कारण त्याच महिन्यात दोन नंबरचं एलिमेंट जळालं. आदल्या मंगळवारी त्याचे आकडे होते 22, अगदी व्यवस्थित. नंतर समजलं ते असं. खार कितीही बसला तरी एलिमेंटमधली उष्णता शेवटी पाण्यातच जाते, वेळ फारसा बदलत नाही. पण थराखाली एलिमेंटचं नळकांडं स्वतः जास्त तापतं, शेवटी तडकतं आणि आत पाणी शिरतं. दोन नंबरमध्ये तसंच झालं, गिझर चालू करताच ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडायचा. त्याला बायपास करून देतो म्हणणाऱ्याला मी हाकलून दिला. न्हाणीघरात करंट उतरण्यापासून वाचवणारी ती मुख्य वस्तू आहे.

म्हणून आता रकाने चार. मिनिटं आणि त्याच वेळचे व्होल्ट, दोन्ही शेजारी शेजारी. तिसरा आवाज: खार बसलेला गिझर तापताना चहाच्या पातेल्यासारखा गुणगुणतो आणि मधूनच तडतडतो. हा रकाना सगळ्यात खरा निघाला. चौथा ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून पडतो की नाही. शिवाय सहा महिन्यांनी टाकी उघडून मॅग्नेशियमचा दांडा बघायचा. टाकीऐवजी तो गंजतो, अर्ध्यापेक्षा बारीक झाला की बदलायचा. मी दहा वर्षं गिझर वापरले आणि आत असा दांडा असतो हे मला यंदा कळलं. थर्मोस्टॅट 60 वरून 55 वर आणलाय, जास्त गरम पाण्यात खार लवकर बसतो.

नळ-फ्लशच्या भागातली एकच युक्ती सांगतो. फ्लशच्या टाकीत चार थेंब नीळ टाकायची आणि अर्धा तास हात लावायचा नाही. भांड्यात निळं उतरलं तर आतलं रबर गळतंय. बारापैकी चार टाक्या गळक्या निघाल्या, आणि मी बोअरच्या मोटरला शिव्या देत होतो.

एसीचं वेळापत्रक मात्र आमच्या गावासाठी लिहिलेलंच नाही. फिल्टर महिन्यातून एकदा धुवा म्हणे! जिप्स्यांच्या धुळीत मार्च ते जूनमध्ये पंधरा दिवसांनी फिल्टरची गोधडी होते. पाण्याची नळी तर कागदावर नव्हतीच. मे महिन्यात नऊ नंबरमध्ये गादीवर पाणी टपकलं, नळीत शेवाळासारखा बुळबुळीत गोळा. आता फिल्टर काढला की ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, ते बाहेर पडताना दिसलं की तेवढा वेळ रजिस्टरात लिहायचा.

1 जुलैपासून कोअर तीन महिने बंद. बफरचे पाहुणे येतील, पण निम्म्या खोल्या रिकाम्या राहतील. सहा गिझर उघडायचे आहेत, चंद्रपूरहून दोन किलो लिंबूसत आणून ठेवलंय. प्लंबरने विचारलं, "भाऊ, लोणच्याचा धंदा चालू केला काय?"