ग्राहकाच्या कोटवरून रेकॉर्डिंगमधल्या नेमक्या जागेची लिंक द्यायची असेल, तर कॉल चालू असताना टाइम लिहायचा की नंतर ट्रान्सक्रिप्टमधून काढायचा?

मी दोन्ही करून बघितलंय. लाइव्ह नोट्समध्ये कोट लिहिला की बाजूला घड्याळातली वेळ टाकायची, पण मग रेकॉर्डिंग कधी सुरू झालं ते माहीत पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात. समजा रेकॉर्डिंग 11:04:20 ला सुरू झालं आणि "पैसे कटले पण ऑर्डर दिसेना" हे वाक्य 11:16:54 ला टिपलं, म्हणजे 12:34, सेकंदात 754. पण आपण ऐकून झाल्यावर लिहितो ना, म्हणून 15 सेकंद मागे जायचं आणि यूट्यूबवर अनलिस्टेड टाकलं असेल तर `watch?v=` वाल्या लिंकच्या शेवटी `&t=739s` जोडायचं.

ट्रान्सक्रिप्टमध्ये ही वजाबाकीच नाही, वेळ आयती मिळते. पण मराठी-इंग्रजी मिक्स बोलणं असलं की ऑटो ट्रान्सक्रिप्ट "कटले"चं "कुठले" करून टाकतं, आणि "हं... चालेल" मधला तो पॉज, ज्यात खरी नाराजी असते, तो गायबच. त्यामुळे प्रत्येक कोट परत ऐकावा लागतोच.

मी आता लाइव्हला फक्त वेळ आणि दोन शब्द लिहिते, अचूक वाक्य नंतर ऐकून. आणि हो, सुरुवातीच्या गप्पा ट्रिम करायच्या असतील तर लिंका बनवायच्या आधी करा, नंतर केलं की सगळ्याच लिंका सरकतात.