एका क्युबिटची टोमोग्राफी: आठ महिन्यांचा अनुभव आणि तीनऐवजी सहा मापने

एका अतिवाहक क्युबिटची, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीच्या एककाची, अवस्था तपासण्यासाठी मी गेले आठ महिने क्वांटम स्टेट टोमोग्राफी, म्हणजे अनेक मापनांवरून अवस्था उभी करण्याची पद्धत, वापरत आहे. पहिले तीन महिने मी पाठ्यपुस्तकात असते त्याप्रमाणे तीन अक्षांवर मोजत होतो. त्यानंतर प्रत्येक अक्षावर दोन्ही दिशांनी, म्हणजे एकूण सहा मापने घेऊ लागलो. हा बदल मला का करावा लागला, एवढेच येथे सविस्तर लिहितो.

क्युबिटचे एक मापन ० किंवा १ एवढेच उत्तर देते आणि त्यातच मूळ अवस्था नाहीशी होते. म्हणून तीच अवस्था हजारो वेळा तयार करावी लागते आणि कोणते उत्तर किती वेळा आले हे मोजावे लागते. आमचे उपकरण फक्त झेड अक्षावर वाचते. त्यामुळे एक्स घटक हवा असेल तर वाचण्यापूर्वी वाय अक्षाभोवती उणे ९० अंशांचा पल्स द्यावा लागतो आणि वाय घटकासाठी एक्स अक्षाभोवती अधिक ९० अंशांचा. प्रत्येक अक्षावर ० आणि १ यांच्या संख्यांतील फरकाला एकूण संख्येने भागले की ब्लॉख सदिशाचा, म्हणजे एकक गोलात अवस्था दाखवणाऱ्या बाणाचा, तो घटक मिळतो. त्या घटकांवरून अवस्थेची डेन्सिटी मॅट्रिक्स rho आणि तिची आयगेन मूल्ये काढणारी पुढची मांडणी दोन ओळींची आहे:

```
rho = 0.5 * (I + x*X + y*Y + z*Z)
np.linalg.eigvalsh(rho)
```

अक्ष परस्परांना लंब असणे सोयीचे असते, कारण दोन अक्ष एकमेकांच्या जवळ झुकलेले असले तर त्यांच्यातील फरकावरून घटक काढताना मोजणीतील चढउतार कित्येक पटींनी वाढतो. (ही कल्पना क्युबिटपेक्षा खूप जुनी आहे; प्रकाशाच्या ध्रुवीकरणासाठी स्टोक्स यांनी १८५२ मध्ये मांडलेली परिमाणे मुळात हेच घटक होत.)

आता माझे उदाहरण. मी ० अवस्थेला वाय अक्षाभोवती ४५ अंश फिरवत होतो, म्हणजे अपेक्षित घटक एक्स ०.७०७, वाय ०, झेड ०.७०७. प्रत्येक अक्षावर १००० शॉट, म्हणजे अवस्था तयार करून मोजण्याच्या १००० फेऱ्या, घेतल्यावर ० हे उत्तर अनुक्रमे ८६२, ५२१ आणि ८५८ वेळा आले. त्यावरून घटक आले ०.७२४, ०.०४२ आणि ०.७१६. या सदिशाची लांबी १.०१९ भरते, म्हणजे तो ब्लॉख गोलाच्या बाहेर जातो. डेन्सिटी मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये १.००९६ आणि उणे ०.००९६ येतात, आणि अपेक्षित अवस्थेशी फिडेलिटी, म्हणजे तिच्याशी जुळण्याची शक्यता, १.००९ निघते. आयगेन मूल्येही शक्यताच असतात. शक्यता ऋण किंवा एकाहून अधिक असूच शकत नाही, त्यामुळे सुरुवातीला मी प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात बराच वेळ घालवला.

चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती. हजार शॉटमध्ये ०.७ च्या आसपासच्या घटकाचे प्रमाण विचलन सुमारे ०.०२२ असते, आणि लांबीचेही जवळपास तेवढेच. म्हणजे ०.०१९ ची वाढ अगदी सामान्य चढउतारात बसते. शुद्ध अवस्था गोलाच्या पृष्ठभागावरच असते, त्यामुळे चढउताराने ती जवळपास निम्म्या वेळा बाहेर जाणारच. मापन निर्दोष मानून ० हीच अवस्था मोजली तर झेड घटक नेमका १ येतो, आणि एक्स व वाय यांत जो काही चढउतार होईल तो लांबी वाढवतोच. म्हणजे तेथे जवळजवळ प्रत्येक वेळी ऋण आयगेन मूल्य मिळते.

यावर रूढ उपाय दोन आहेत. ऋण मूल्य शून्य करून उरलेले १ करावे. एका क्युबिटपुरते याचा अर्थ सदिश त्याच दिशेत लांबी १ पर्यंत आखडणे एवढाच होतो. किंवा मॅक्झिमम लाइकलीहुड पद्धतीने, मिळालेल्या संख्या ज्या भौतिकदृष्ट्या शक्य अवस्थेत सर्वाधिक संभाव्य ठरतात ती शोधावी. आखडल्यावर माझी फिडेलिटी ०.९९९६ आली आणि मी समाधानाने पुढे गेलो. माझी खरी चूक ही होती. वाय घटकातील ०.०४२ हा आकडा हजार शॉटच्या ०.०३२ या विचलनात लपत होता, पण आठवड्यामागून आठवडे त्याचे चिन्ह कधी बदलले नाही.

शेवटी प्रत्येक मापन १०,००० शॉटचे केले आणि उलट दिशेनेही वाचले, म्हणजे वाचण्यापूर्वीचा पल्स विरुद्ध चिन्हाचा दिला (झेडसाठी १८० अंशांचा पल्स). खऱ्या घटकाचे चिन्ह अशा वेळी उलटले पाहिजे. एक्स अक्षावर ०.७०७६ आणि उणे ०.६२९८ आले, वायवर ०.०४४६ आणि ०.०३७२, झेडवर ०.७०१४ आणि उणे ०.६२१२. वाय घटक उलटलाच नाही, म्हणजे तो अवस्थेचा नव्हता, वाचनाचा होता. दोन्ही वाचनांच्या बेरजेचे निम्मे घेतले तर तिन्ही अक्षांवर ०.०४ च्या आसपासच येते.

कारण ओळखीचे आहे. वाचन चालू असतानाच १ अवस्था कधीकधी ० मध्ये घसरते, त्यामुळे १ ला ० वाचण्याची चूक ० ला १ वाचण्यापेक्षा जास्त होते. आमच्याकडे १०,००० पैकी ती ५०९ वेळा झाली, तर उलटी १०४ वेळा. याचा परिणाम दुहेरी असतो: प्रत्येक घटक ०.९३८७ पटीने आखडतो आणि वर ०.०४०५ ची भर पडते. गंमत अशी की ०.७०७ वर हे दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडतात, आणि अधिक दिशेचे वाचन निर्दोष दिसते. वजाबाकीचे निम्मे घेतल्यावर भर निघून जाते आणि ०.६६८७, ०.००३७, ०.६६१३ उरतात, त्यांना ०.९३८७ ने भागले की लांबी १.००२ येते, जी चढउतारात बसते.

सहा मापनांचा दुसरा फायदा नंतर कळला. सहाव्या महिन्यात बेरजेची निम्मी एक्सवर ०.०१८, वायवर ०.०१६ आणि झेडवर मात्र ०.०४१ दिसली. वाचनातील दोष तिन्ही अक्षांना सारखाच लागतो, म्हणून शंका ९० अंशांच्या पल्सवर गेली. पल्स थोडा जास्त फिरवत असेल तर दोन्ही दिशांच्या वाचनात झेड घटकाचा थोडा अंश एकाच चिन्हाने मिसळतो. हिशोबाने जादा फिरणे सुमारे २ अंशांचे निघाले. पल्सची उंची पुन्हा जुळवल्यावर तिन्ही आकडे परत सारखे झाले. लाइकलीहुडची जुळणी अशा वेळी फक्त थोडी वेगळी, पण दिसायला तितकीच देखणी मॅट्रिक्स देते.

तक्रार म्हणाल तर शॉट दुप्पट लागतात, आणि सहाही मापने एकामागून एक पूर्ण करण्याऐवजी आलटूनपालटून घ्यावी लागतात, नाहीतर मधल्या वेळात क्युबिटची वारंवारता सरकली की अक्षांची तुलनाच बिघडते. ०.९३८७ हा गुणकही निर्विवाद नाही. तो काढण्यासाठी १ अवस्था तयार करावी लागते, आणि तो पल्स अपुरा असेल तर त्याचा दोष वाचनाच्या नावावर जमा होतो. ही दोन्ही खाती टोमोग्राफीतून वेगळी करता येत नाहीत. म्हणून मी आता दुरुस्तीपूर्वीचा सदिश आणि दुरुस्तीनंतरचा सदिश, दोन्ही नोंदवतो आणि आखडलेली मॅट्रिक्स त्यांच्या खाली लिहितो.