हनुवटीवरचे पिंपल्स, लांबलेली पाळी: स्पिअरमिंट आणि दालचिनी काही महिने घेऊन पाहिल्यावर

दोन्ही एकदम सुरू करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. आधी काही महिने फक्त स्पिअरमिंटचा, म्हणजे एका प्रकारच्या पुदिन्याचा चहा, मग तो थांबवून काही महिने फक्त दालचिनी. एकदम घेतलं असतं तर कशाने काय झालं याचा पत्ताच लागला नसता. निकाल सुरुवातीलाच सांगते: त्वचा थोडी सुधारली, पण ती चहानेच सुधारली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दालचिनीच्या काळात पाळ्यांमधलं अंतर कमी झालं, आणि त्यामागे निदान एक छोटा का होईना, पण नीट केलेला अभ्यास आहे.

माझी पार्श्वभूमी अशी. पाळी कधी सव्वा महिन्याने, कधी दोन महिन्यांनी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर खोल, दुखरे फोड, ज्यांना तोंडच येत नाही असे. काहीही सुरू करण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घेतलं. पहिले दोन ठीक निघाले, निदान पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी लांबण्याच्या आजाराचं झालं. हे मुद्दाम सांगते, कारण थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनमुळे पाळी लांबत असेल तर पुदिना आणि दालचिनी दोन्हींचा तिथे काही संबंध नाही.

आधी चहा. त्याची कुळकथा मजेशीर आहे. तुर्कस्तानातल्या इस्पार्ता भागात पुदिन्याचा चहा भरपूर पिणाऱ्या पुरुषांनी कामेच्छा कमी झाल्याची तक्रार केली. यामागे टेस्टोस्टेरॉन कमी होत असेल का, या शंकेवरून तिथल्या संशोधकांनी आधी उंदरांवर प्रयोग केले, आणि मग २००७मध्ये अंगावर जास्त केस येणाऱ्या २१ स्त्रियांना पाळीच्या पहिल्या टप्प्यात पाच दिवस, दिवसातून दोनदा स्पिअरमिंटचा चहा दिला. त्यांचं फ्री टेस्टोस्टेरॉन, म्हणजे प्रथिनाला न चिकटलेला आणि म्हणून कामाला लागणारा भाग, कमी झालं. एकूण टेस्टोस्टेरॉनमध्ये मात्र लक्षणीय फरक नव्हता. पुढे २०१०मध्ये पीसीओएस असलेल्या ४२ स्त्रियांवर ३० दिवसांचा प्रयोग झाला. अर्ध्यांना स्पिअरमिंट, अर्ध्यांना तुलनेसाठी दुसरा हर्बल चहा. या वेळी फ्री आणि एकूण, दोन्ही टेस्टोस्टेरॉन कमी झालं. केस कमी झाल्यासारखं वाटतंय असं स्त्रिया स्वतः म्हणाल्या, पण तपासणाऱ्याने ठरावीक पद्धतीने गुण दिले तेव्हा तो फरक दिसला नाही.

म्हणजे रक्तातला आकडा हलला, डोळ्यांना दिसणारं काही हललं नाही. महिन्याभरात केसांमध्ये फरक दिसणं अवघडच, केसांचं चक्रच त्याहून लांब असतं, त्यामुळे हे अपयश आहे असंही म्हणता येत नाही. पण दोन्ही अभ्यास केसांसाठी होते. पिंपल्स मोजणं हा त्यांचा विषयच नव्हता. ‘स्पिअरमिंटने हार्मोनल पिंपल्स जातात’ हे वाक्य आपण ज्या आत्मविश्वासाने ऐकतो, ते या दोन छोट्या अभ्यासांवरून मारलेल्या उडीवर उभं आहे. आणि त्या उडीत आणखी एक खड्डा आहे: पिंपल्स येणाऱ्या कित्येक स्त्रियांचं टेस्टोस्टेरॉन तपासणीत अगदी नॉर्मल असतं. त्यांच्या तेलग्रंथीच त्या हार्मोनला जास्त दाद देतात. तिथे रक्तातला आकडा थोडा खाली आणून किती फायदा होणार, हा प्रश्न उरतोच.

मी काय केलं ते सांगते. वाळलेली पानं, कपाला एक चमचा भरून, उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं आणि पाच-सात मिनिटांनी गाळायचं. सकाळी एक, संध्याकाळी एक. डब्यावर नुसतं ‘मिंट’ लिहिलेलं असेल तर घेऊ नका. वनस्पतीचं नाव बघा: मेन्था स्पिकाटा म्हणजे स्पिअरमिंट, मेन्था पिपेरिटा म्हणजे पेपरमिंट. नाकालाही कळतं. पेपरमिंट मेन्थॉलमुळे नाकात गार झणझणतो, स्पिअरमिंटचा वास गोडसर आणि मऊ असतो. अभ्यास स्पिअरमिंटवर झाले आहेत, पेपरमिंटवर नाही. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी रात्री झोपताना पिऊ नये. पुदिन्याने छातीतली जळजळ वाढू शकते, आणि मला ती एकदोनदा चांगलीच जाणवली.

मोजण्यासाठी दर रविवारी सकाळी त्याच खिडकीशी, तोंड धुतल्यावर, डावा जबडा, हनुवटी आणि उजवा जबडा असे तीन फोटो. लाल, सुजलेले फोड मोजायचे, डाग मोजायचे नाहीत. डाग महिनोन्महिने राहतात आणि ते धरले की सगळं चित्र बिघडतं. पहिल्या महिन्यात काही फरक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पाळीआधीचा आठवडा पूर्वीपेक्षा बरा गेला. खोल फोड कमी, पण वरवरचे बारीक दाणे होते तसेच.

आता हा फरक चहाचा का? इथे मला स्पायरोनोलॅक्टोनचा एक अभ्यास डोळे उघडणारा वाटला. हे औषध हार्मोनल पिंपल्ससाठी डॉक्टर खरोखर देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर त्याचा प्रयोग झाला, २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. २४ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के स्त्रियांनी ‘बरं वाटतंय’ म्हटलं. पण खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही ६३ टक्के तेच म्हणाल्या! दोन्ही गटांना चेहऱ्यावर लावायची औषधं चालू ठेवायला परवानगी होती, त्याचा वाटा असणारच. शिवाय माणूस उपाय सुरू करतो तोच चेहरा सगळ्यात वाईट असताना, त्यामुळे पुढचे महिने आपसूक बरे जाण्याची शक्यता जास्त. माझंही नेमकं असंच होतं. पिंपल्ससाठी रात्री लावायचं ॲडापलीन हे मलम मी चहाच्या आधीपासून लावत होते आणि सोडलं नव्हतं. ॲडापलीनचा परिणाम दिसायलाही दोन-तीन महिने लागतात. माझे रविवारचे फोटो ‘सुधारणा झाली’ एवढं सांगतात, ‘कशाने’ ते सांगत नाहीत.

आता दालचिनी. हिच्याबद्दल मी जास्त साशंक होते आणि तिनेच मला जास्त विचारात पाडलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास: पीसीओएस असलेल्या ४५ स्त्रिया, रोज १.५ ग्रॅम दालचिनी किंवा प्लासिबो, सहा महिने. दालचिनीच्या गटात पाळी येण्याचं मधलं प्रमाण महिन्याला ०.७५ निघालं, प्लासिबोत ०.२५. साध्या भाषेत, चार महिन्यांत तीन पाळ्या विरुद्ध चार महिन्यांत एक. हा फरक लहान नाही. पण तीन महिने पूर्ण केलेल्या स्त्रिया २६ आणि शेवटपर्यंत राहिलेल्या फक्त १७. एवढ्या कमी जणींत दोघी-तिघी इकडच्या तिकडे झाल्या तरी आकडा बदलू शकतो. लेखकांनी स्वतःच शीर्षकात ‘प्राथमिक पुरावा’ म्हटलंय.

यातली खरी चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळी आहे. दालचिनी इन्शुलिनवर काम करते आणि म्हणून पाळी सुधारते, असं सगळीकडे सांगितलं जातं. या अभ्यासात पाळी सुधारली, पण इन्शुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद न देण्यात बदल नाही आणि अँड्रोजेनमध्ये, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोन्समध्येही नाही. दुसऱ्या काही छोट्या अभ्यासांत इन्शुलिनचे आकडे सुधारलेत, पण इथे ती साखळी मधेच तुटते. आणि अँड्रोजेन हललंच नसेल तर दालचिनीने पिंपल्स का जावेत? माझ्या पिंपल्सवर तिचा काडीइतकाही परिणाम झाला नाही.

पाळीवर मात्र झाला, किंवा निदान तसं दिसलं. दोन महिन्यांचं अंतर त्या काळात एकदाही पडलं नाही, बहुतेक पाळ्या पाच आठवड्यांच्या आसपास आल्या. थांबवल्यावर पुढची पाळी पुन्हा लांबली. त्या काळात माझी झोपही सुधारली होती, त्यामुळे मी याला पुरावा म्हणत नाही. पण पुन्हा करून बघावं असं वाटायला एवढं पुरेसं आहे.

घेताना मात्र दालचिनी कुठली आहे ते बघावं लागतं. कॅशिया प्रकारात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, जे जास्त प्रमाणात काही जणांच्या यकृताला त्रास देतं. युरोपात ठरवलेली रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. माझं वजन पन्नासच्या आसपास, म्हणजे माझी मर्यादा ५ मिलिग्रॅम. कॅशियात सरासरी ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम धरलं तर १.५ ग्रॅममधून ४.५ मिलिग्रॅम जातं. म्हणजे काठावर, आणि सरासरीपेक्षा जास्त कुमारिन असलेला पुडा निघाला तर मर्यादेबाहेर. रोज, महिनोन्महिने घ्यायची असेल तर सिलोन दालचिनीच घ्यावी, तिच्यात कुमारिन अगदी नगण्य असतं. साल हातात घेतली की ओळखता येते: कॅशियाची साल जाड, टणक, एकाच थराची गुंडाळी. सिलोनची पातळ, कागदासारख्या अनेक थरांची, बोटांनी चुरडता येणारी. पूड झाली की डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून मी साल आणून घरी दळते. १.५ ग्रॅम म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्यापेक्षा किंचित जास्त. गरम पाण्यात ती विरघळत नाही, तळाशी बुळबुळीत गोळा होतो आणि तो घशाखाली उतरवणं हा एक वेगळाच व्यायाम आहे. दह्यात मिसळली की निभावतं.

डॉक्टरांना दोन्ही दाखवलं. चहाला त्या नुसत्या हसल्या. दालचिनीबद्दल म्हणाल्या, “हे बघ, घे हवी तर. पण पाळी नियमित व्हायला लागली म्हणजे अंडं सुटायला लागलं असू शकतं. मूल नको असेल तर काळजी घे.” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या अभ्यासात काही जणींच्या प्रोजेस्टेरॉनवरून, म्हणजे अंडं सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनवरून तसं दिसलंही होतं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, तेव्हा आधी विचारून घ्या, असंही त्या म्हणाल्या. गर्भ राहिला असेल किंवा राहावा म्हणून प्रयत्न चालू असतील तर रोजचा स्पिअरमिंट चहा त्यांनी बंदच करायला सांगितला.

सध्या चहा मी चवीसाठी एखाद-दुसऱ्या दिवशी पिते, औषध म्हणून नाही. चेहऱ्यासाठी ॲडापलीन चालू आहे आणि पुढच्या भेटीत स्पायरोनोलॅक्टोनबद्दल विचारणार आहे. ते घेताना गर्भ राहू द्यायचा नसतो, त्यामुळे तो विषय दालचिनीच्या विषयाला येऊन भिडतोच. दालचिनी पुन्हा सुरू केली आहे, पण एका अटीवर: तीन महिने पाळी आलीच नाही तर आधी गरोदरपणाची तपासणी करायची आणि मग वाट न पाहता दवाखान्यात जायचं. गर्भाशयाचं अस्तर महिनोन्महिने पडलं नाही तर ते जाड होत जातं. ते पाडण्यासाठी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या असतात, आणि ते काम दालचिनीच्या भरवशावर सोडायची माझी तयारी नाही.