‘प्रमादं’ की ‘हजारात एकाला’?
मोतीबिंदूच्या संमतीपत्रातल्या ‘रिस्क ऑफ इन्फेक्शन’साठी तेलुगूत दोन वाटा दिसतात. पहिली, ‘इन्फेक्शन प्रमादं’, म्हणजे इन्फेक्शनचा धोका. चूक नाही, पण तेलुगूत रस्त्यावरच्या अपघातालाही प्रमादंच म्हणतात (आपल्याकडे प्रमाद म्हणजे नुसती चूक!). एका पानावर तो पाच-सहा वेळा आला की पेशंट धास्तावतो. दुसरी वाट सरळ वाक्याची: ‘वेय्यि मंदिलो ओकरिकि इन्फेक्शन रावच्चु’, म्हणजे हजारात एकाला इन्फेक्शन होऊ शकतं. मला हीच पटते. आकडा मात्र डॉक्टरांकडूनच घ्यायचा, आणि त्यातून दृष्टी जाऊ शकते हे गाळायचं नाही. शेवटी दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्यावं. ‘रावच्चु’ऐवजी ‘वस्तुंदि’ पडलं असेल, तर ‘होऊ शकतं’चं ‘होणार’ झालेलं तिथेच पकडता येतं.