मंदिराच्या जोत्यासाठी दगड: क्रशरची खाण की गावची जुनी खाण?

आमच्या हेमाडपंती शिवमंदिराच्या जोत्याचे दोन दगड बदलायचे आहेत आणि गावकरी या दोन पर्यायांत अडकलेत.

रंग आधी पाहू. जुन्या दगडाचा वरचा करडा-तांबूस थर जुळवू नका, तो हवापाण्याने चढलेला असतो. निखळलेल्या कपचीचा ताजा भाग ओला करून खाणीतल्या नमुन्याशेजारी ठेवा. क्रशरचा काळाभोर, घट्ट बसाल्ट इथेच वेगळा दिसला. जुन्या खाणीत पाचरींच्या खाचा अजून आहेत. तिथला करडा दगड आणि त्यातले झिओलाइट या खनिजाचे पांढरे ठिपके मंदिराच्या दगडाशी जुळले.

टिकाऊपणात मात्र जुन्या खाणीतलं सगळंच चांगलं नाही. हिरवट मऊ गाठी असलेला थर पावसाळ्यात भुगा होतो, तो सोडा. क्रशरचा दगड सुरुंगाने फुटलेला, म्हणून आत बारीक चिरा असू शकतात. हातोडी मारल्यावर खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर नको.

खर्चात क्रशर स्वस्त, जुन्या खाणीत परवानगी आणि हाताने पाचर मारण्याची मजुरी.

दर्शनी थरांना जुन्या खाणीचाच दगड घ्या. आतल्या भरावाला क्रशरचा चालेल.